प्लेगच्या आधी पेंडीचं पोतं बघा

> "शेततळ्यात माशांबरोबर पंचवीस बदकं आहेत. पावसात पिल्लं पटापट मरतायत. प्लेग असेल का?"

असेलही, पण आधी खाद्याचं पोतं उघडून हुंगा. शेंगदाणा पेंडीला किंवा मक्याला बुरशी आली की त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. कोंबडी निभावून नेते तेवढंही बदकाच्या पिल्लाला झेपत नाही. गेल्या श्रावणात माझी सहा गेली. आधी खाणं सुटलं, मग लंगडली, शेवटी मान मागे टाकून झटके. पोत्याच्या तळाशी हिरवट जाळी निघाली. उकळून ते विष जात नाही, आणि तळ्यात ओतलं तर मासेही खातील, म्हणून पुरूनच टाकलं.

प्लेगमध्ये मोठी बदकंही मरतात, हिरवट पातळ हगवण लागते. मेलेलं ताजं पिल्लू पशुवैद्यकाकडे न्याच. आणि पोतं खुराड्यात नको, तिथे ओल असतेच.