शब्दचर्चा : ‘ऑन टूज’चा नेमका अर्थ काय, आणि मराठीत काय म्हणता?

निशिगंध : हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनच्या एका टिपणात ‘वॉक ऑन टूज, १६ फ्रेमचं पाऊल’ असं आहे. टूज म्हणजे दोन पावलं का? १६ फ्रेममध्ये एकच पाऊल बसवायचं की दोन्ही? एक आजोबा चालवायचे आहेत.

अमोघ : पावलांचा काही संबंध नाही. सेकंदाला २४ऐवजी १२ चित्रं, एवढंच. क्रिता सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट १२ करून टाका.

रेघोट्या : अर्थ बरोबर, पण फ्रेम रेटला हात लावू नका. २४च ठेवा आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरा. टिपणातले १६ फ्रेम २४च्या हिशेबाने आहेत, म्हणजे एका पावलाला पाऊण सेकंदाहून थोडा कमी वेळ. रेट १२ केलात तर तेच पाऊल सव्वा सेकंदाच्या वर जाईल आणि आजोबा रखडतील.

१६ हा आकडा टूजला फार सोयीचा आहे. टाच १वर टेकते, ५वर अंग खाली बसतं, ९वर मागचा पाय पुढे जाताना टेकलेल्या पायाला ओलांडतो, १३वर अंग उंचावतं, १७वर दुसरी टाच टेकते. सगळे विषम आकडे, म्हणजे प्रत्येक मुख्य चित्राला जागा मिळते. १२ फ्रेमच्या पावलात अंग ४वर खाली बसायला हवं, पण टूजवर नवं चित्र ३ला येतं नाहीतर ५ला. ३ला घ्या, माणूस जड वाटतो.

सुलभा : माझी हंडा घेतलेली बाई जागेवरच चालते, मागे रस्ता सरकतो. ओनियन स्किन लावून, म्हणजे मागची-पुढची चित्रं फिकी दिसतील असं करून तपासलं, तरी टेकलेला पाय जमिनीवर थरथरतो.

रेघोट्या : ओनियन स्किनमध्ये मागच्या चित्रांतले लाल पंजे सारख्या अंतरावर दिसतात का?

सुलभा : हो, प्रत्येकी २० पिक्सेल. रस्ता दर फ्रेमला १० सरकवते, म्हणजे हिशेब जुळायला हवा.

रेघोट्या : थरथर तिथेच आहे. दुसऱ्या फ्रेमला रस्ता १० पुढे गेलेला असतो आणि पाय जागच्या जागी. ओनियन स्किन चित्रांमधलं अंतर दाखवते, चित्र किती वेळ धरलंय ते दाखवत नाही, म्हणून ते तिथे दिसलं नाही. रस्ताही दोन फ्रेमला एकदा, २०ने सरकवा.

सुलभा : केलं. पाय घट्ट बसला! पण आता रस्त्याकडेचे खांब धक्के खात सरकतायत.

रेघोट्या : उभ्या कडा ठळक असल्या की हे होतं. खांब फिके करून बघा. नाहीतर रस्ता परत दर फ्रेमला आणि बाईची चित्रं दुप्पट. मी दुसरं करेन, पण काम खूप आहे.

अमोघ : मी खांबच काढून टाकले असते. बाकी शब्दाचं म्हणाल तर आम्ही ‘दोनावर’ म्हणतो.

निशिगंध : ‘दोनावर चालणं’ म्हटलं की मला परत दोन पायच आठवतात. ‘दोन-दोन फ्रेम धरून’ लिहिलं तर?