इकिगाई आणि करिअरचा हेतू: चार वर्तुळांची पद्धत मला पटते, तुम्हाला?

कोथरूडकर

ऑफिसात मागच्या आठवड्यात इकिगाईवर, म्हणजे ज्याच्यासाठी जगावंसं वाटतं त्या गोष्टीच्या जपानी कल्पनेवर, वर्कशॉप झालं. कागदावर चार वर्तुळं काढायची: काय आवडतं, काय चांगलं जमतं, जगाला कशाची गरज आहे, कशाचे पैसे मिळतात. चारही जिथे एकमेकांवर येतात ते तुमचं इकिगाई. कामात मन का लागत नाही हे मला त्यातून पहिल्यांदा नीट दिसलं. घरी बहीण म्हणाली (ती जपानी शिकते) की याचा जपानशी संबंध नाही. नसेना का, करिअर ठरवायला पद्धत चांगली आहे असं माझं मत. विरोध असेल तर कारणासकट सांगा.

निशिगंध

बहीण बरोबर सांगतेय. ही वर्तुळं २०११ च्या सुमारास आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश ज्योतिषाने काढली आणि मधोमध लिहिलं ‘हेतू’. २०१४ मध्ये मार्क विन या ब्रिटिश गृहस्थाने जपानच्या ओकिनावा बेटांवरच्या दीर्घायुषी लोकांवरचं एक भाषण आणि ही आकृती एकत्र करून लेख लिहिला. मधला शब्द काढून तिथे इकिगाई बसवलं. पुढे जगभर पसरलं ते हेच.

बाहेरून आली म्हणून आकृती वाईट ठरत नाही. माझा विरोध दुसऱ्या कारणासाठी आहे. इकिगाईवरचं जपानमधलं सर्वांत महत्त्वाचं काम ज्या माणसांमध्ये राहून झालं, त्यांना या आकृतीत जागाच नाही.

ओकायामाजवळ समुद्रात नागाशिमा नावाचं बेट आहे. १९३० पासून तिथे कुष्ठरोग्यांची सरकारी वसाहत होती. कायद्याने रोग्याला नेऊन तिथे ठेवत. घर सुटायचं, आणि मागे राहिलेल्यांना त्रास नको म्हणून अनेक जण नावही बदलायचे. युद्धानंतर औषध आलं, लोक बरे होऊ लागले, पण कायदा १९९६ पर्यंत उठला नाही. मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून तिथे जात होत्या. त्या रोग्यांशी बोलत, त्यांच्याकडून प्रश्नावल्या लिहून घेत. १९६६ मध्ये त्यांचं इकिगाईवरचं पुस्तक आलं ते या अनुभवावर उभं आहे.

त्यांना सर्वांत जास्त विचारात पाडलं ते असं, की आजार सौम्य आणि हातपाय धड असलेल्या अनेकांना आयुष्य पोकळ वाटत होतं. उलट डोळे गेलेली, बोटं बधिर झालेली काही माणसं मन लावून जगत होती. बोटांना ब्रेलचे ठिपके कळत नाहीत म्हणून त्या वसाहतीत लोक जिभेने ब्रेल वाचायला शिकले. सुरुवातीला जिभेतून रक्त यायचं, तरी शिकले. अंध रोग्यांनी १९५३ मध्ये हार्मोनिकाचा वाद्यवृंदही उभा केला. आता या माणसांना तुमची वर्तुळं लावून बघा. पैसा नाही. जगाने तर त्यांना नकोच म्हटलेलं. जमतंय म्हणावं तर सुरुवातीला तेही नाही. तीन वर्तुळं रिकामी, म्हणजे वर्कशॉपच्या हिशेबाने त्यांच्याकडे इकिगाई नाही. कामिया यांना ते तिथेच सापडलं.

ज्याच्यासाठी जगावंसं वाटतं ती गोष्ट आणि तसं वाटणं, या दोन गोष्टी त्या वेगळ्या धरतात. आज सुख नसलं तरी ते वाटणं टिकू शकतं, मात्र पुढे नजर लावायला काहीतरी हवं. नोकरी त्यातली एक गोष्ट असू शकते, नातू असू शकतो, पहाटे भरणारा कवितांचा वर्ग असू शकतो.

माणदेशी

उदाहरण मोठं आहे, पण आपल्याला लागू होत नाही. दिवसाचे नऊ-दहा तास आणि वर प्रवास, एवढं आयुष्य नोकरीत जातं. अर्थ तिथे शोधायचा नाही तर कुठे? गावी आमची जमीन कोरडवाहू. वडिलांनी कधी ‘आवडतं का’ विचारलं नाही, पण पैसे मिळतील का हे रोज विचारलं. पैशाचं वर्तुळ काढून टाकायला सांगणारे लोक पोट भरलेले असतात. शिवाय पुरावा आहे. ओकिनावात मोठं संशोधन झालं, इकिगाई असणारे जास्त जगतात हे सिद्ध झालं. कामात हेतू सापडला की आयुष्य वाढतं, मग एचआरने शिकवलं तर बिघडलं कुठे?

निशिगंध

माणदेशी, पैशाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, नोकरी निवडताना तो प्रश्न पहिलाच असायला हवा. पण तो अभ्यास ओकिनावाचा नाही. तो जपानच्या ईशान्येला मियागी प्रांतातल्या ओसाकी भागातला, २००८ साली प्रसिद्ध झालेला. ४० ते ७९ वयाच्या ४३,३९१ लोकांना एकच प्रश्न विचारला होता, तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का. ५९ टक्के ‘हो’ म्हणाले. सात वर्षं पाठपुरावा केला तेव्हा ‘नाही’ म्हणणाऱ्यांत मृत्यूचा धोका साधारण दीडपट निघाला.

आता तो वाचायचा कसा ते बघा. ‘नाही’ म्हणणाऱ्यांत बेरोजगार, अविवाहित, आजारी, अंगदुखीने बेजार असलेले लोक जास्त होते. संशोधकांनी हा फरक हिशेबात धरला, तरी आधीच खचत चाललेला माणूस ‘नाही’ म्हणतो ही शंका पूर्ण जात नाही. दुसरं म्हणजे हे सगळे राष्ट्रीय आरोग्य विम्यातले लोक. जपानमध्ये कंपनीत नोकरी करणाऱ्याचा विमा वेगळा असतो. म्हणजे पाहणीत मुख्यतः शेतकरी, छोटे दुकानदार, निवृत्त माणसं. तुमचं इकिगाई नोकरीत आहे का, असं कुणालाच विचारलं नव्हतं. ऑफिसातल्या माणसाने करिअरचा हेतू शोधला तर आयुष्य वाढेल, असं त्यातून काढता येत नाही.

सुमनमावशी

मी या चर्चेत नवीन आहे. आमच्याकडे हेच झालं म्हणून लिहिते. मिस्टर निवृत्त झाल्यावर गच्चीवर गुलाबाची कलमं करायला लागले. फांदीवर गुलाबाचे डोळे बांधायचे, कलम जगलं की शेजाऱ्यांना द्यायचं. मुलाने हीच चार वर्तुळं काढून दाखवली आणि म्हणाला, बाबा, तीन भरलीत, विकायला लागलात की चौथं भरेल. त्याने मोबाइलवर जाहिरात टाकली. लोक फोन करून विचारायचे कधी देणार, दुसरीकडे स्वस्त मिळतं. कलम मेलं तर पैसे परत मागायचे. पावसाळा संपायच्या आत यांनी कात्री गुंडाळून ठेवली ती अजून काढलेली नाही. त्यांच्यासाठी आता दुसरं कुठलं काम बघू? वय ६६, शुगर आहे.

ओवी नागोया

मावशी, नवीन काम नका बघू. कलमं विकायची नाहीत हे आधी घरात ठरवा आणि कुणा एका शेजाऱ्याला त्यांच्याकडे कलम मागायला पाठवा.

मी इथे जपानमध्ये नोकरीला आहे. सहकाऱ्यांच्या तोंडी इकिगाई येतं ते बहुतेक आईवडिलांबद्दल, नातवंडांबद्दल, छंदाबद्दल. कामातल्या समाधानाला ते यारीगाई म्हणतात आणि तो विषय वेगळा ठेवतात. त्यावरून ‘यारीगाईची लूट’ असा एक शब्दप्रयोगच रूढ झालाय, युकी होंदा या समाजशास्त्रज्ञ बाईंचा. अॅनिमेशन, पाळणाघर, वृद्धांची शुश्रूषा अशा कामांत माणूस जीव ओततो आणि मालक त्या जिव्हाळ्याच्या भरवशावर पगार कमी आणि तास जास्त ठेवतो. एचआरने हेतू शिकवायला घेतला की मला हेच आठवतं. कोथरूडकर, वर्कशॉपनंतर तुमच्या कामात काही बदललं का, की फक्त तुम्ही स्वतःकडे बघण्याची पद्धत बदलली?

निशिगंध, पैसा आणि इकिगाई इतके तोडूही नका. इथे गावोगावी ज्येष्ठांसाठी सिल्व्हर जिनझाई सेंटर असतात. साठीच्या पुढचे लोक तिथे नाव नोंदवतात. सायकलतळ सांभाळणं, बागेतलं गवत काढणं, कागदी दारांना नवा कागद लावणं अशी हलकी कामं, महिन्यातले साधारण दहाच दिवस, आणि त्याचे थोडे पैसे. त्यांच्या उद्दिष्टातच इकिगाई लिहिलेलं असतं. ते पैसे घेताना म्हातारी माणसं खुश असतात, मी पाहिलंय. फक्त ‘आणखी वाढवा’ असं त्यांना कुणी म्हणत नाही.

वरोऱ्याची सिस्टर

मी विदर्भात कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली आहे, त्यामुळे नागाशिमाबद्दल वाचून अस्वस्थ झाले. कोंडलेल्या माणसाला अर्थ सापडला हे सांगताना तो कोंडला का, हे मागे पडतं. २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने ती सक्तीची कोठडी घटनाविरोधी ठरवली आणि सरकारने अपीलही केलं नाही. कामिया इतकी वर्षं तिथे गेल्या, पण त्या धोरणाविरुद्ध ठामपणे उभ्या राहिल्या नाहीत, ही टीका जपानमध्येच झाली आहे. माझ्याकडच्या एका पेशंटला बोटं नव्हती, तो वॉर्डात सगळ्यांची पत्रं वाचून दाखवायचा. भेटायला येणारे त्याला ‘किती समाधानी’ म्हणायचे. मला तो म्हणायचा, सिस्टर, मला घरी जायचंय. दोन्ही खरं होतं.

निशिगंध

सिस्टर, टीका रास्त आहे. कामियांची बाजू घ्यायची तर एवढंच, की हे लोक आजारी आणि आपण नाही, असं का, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर टोचत राहिला. पण त्या टोचणीने कायदा हलला नाही.

आणि कोथरूडकर, तुमच्या बाजूचंही त्यांच्याकडे आहे, ते दडवणं बरोबर नाही. माणसाला जे करावंसं वाटतं आणि जे त्याचं कर्तव्य आहे ते एक झालं की हे वाटणं सर्वांत तीव्र होतं, असं त्या लिहितात. ध्येयाने झपाटलेल्या माणसांबद्दलही त्यांनी बरंच लिहिलंय. तुमच्या दोन वर्तुळांच्या जवळच हे येतं. फरक एवढाच की त्या ते सगळ्यांकडून मागत नाहीत, आणि चुकीच्या ध्येयानेही माणूस तसाच झपाटतो हेही त्यांना दिसतं.

कोथरूडकर

ओवी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: काम तेच आहे, बघण्याची पद्धत बदलली. पण त्यामुळेच मी टेस्टिंगमधून डेटाच्या टीमकडे बदली मागितली आहे. म्हणून वर्तुळं मी सोडणार नाही. एचआरला नाव बदलायला मात्र सांगेन, करिअरचा तक्ता म्हणा. आणि ‘मधोमध नसाल तर आयुष्यात अर्थ नाही’ अशी जी स्लाइड होती, ती काढा म्हणणार आहे. शेजारच्या टेबलावरची एक मुलगी त्या स्लाइडनंतर दिवसभर गप्प होती. तिच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे, ती पगारासाठीच येते.

माणदेशी

तिच्या बाबतीत तुम्ही सगळे काय म्हणाल? आईचं करणं हे तिचं इकिगाई, असं म्हणून मोकळं व्हायचं? मला ते चार वर्तुळांपेक्षाही वाईट वाटतं. तिला आठवड्यातून दोन दिवस घरून काम आणि थोडा जास्त पगार मिळाला तर अर्थ ती स्वतः बघेल.

सुमनमावशी

माणदेशींचं पटलं. ओवी, यांच्याकडे समोरच्या वाण्याला पाठवते, त्याला पिवळा गुलाब हवाच होता. कलम बांधायला आत्ताचे दिवस चालतील का, कुणाला माहीत असेल तर सांगा.