न आलेल्या वेळेचे पैसे किती घ्यावेत?

धागाकर्ती: फिजिओथेरपीचं केंद्र चालवते. पाऊण तासाची एक वेळ, दिवसाला आठ. संध्याकाळच्या वेळा नेहमी भरलेल्या, दुपारच्या अर्ध्या रिकाम्या. लोक आयत्या वेळी रद्द करतात किंवा येतच नाहीत. शुल्क लावायचं ठरवलंय, पण किती? फार लावलं तर पेशंट तुटतील ही भीती आहे.

कात्री_कंगवा: पूर्ण पैसे घ्या. वेळ तुमची गेली, खुर्ची रिकामी राहिली. अर्धे घेतले तर उरलेला अर्धा तोटा तुमच्या खिशातून जातो.

हिशेबी: असहमत. तोटा पूर्ण दराएवढा नसतोच. दर १०० धरा. पेशंट आला नाही तर थेरपिस्टचा दर भेटीमागचा वाटा, टॉवेलची धुलाई, जेल असे समजा ३० वाचतात. म्हणजे गेले ७०. तेही वेळ पुन्हा भरली नाही तरच.

म्हणून गेल्या तीन महिन्यांची वही काढा. प्रत्येक रद्द वेळेसमोर दोन गोष्टी लिहा: किती तास आधी कळवलं आणि ती वेळ भरली का. समजा ४ ते २४ तास आधी रद्द झालेल्या १२ पैकी ६ भरल्या, तर सरासरी तोटा ७० चा निम्मा, ३५. चार तासांच्या आत कळवलेल्यांपैकी एकही भरली नाही, तर तोटा पूर्ण ७०. चोवीस तासांहून आधी कळवलं तर काहीच घेऊ नका. तिथे थोडा तोटा झाला तरी लवकर कळवण्याची सवय लागते, ती जास्त मोलाची.

मोजताना एक चूक हमखास होते. उद्याच्या पेशंटला आज बोलावून वेळ भरली, तर ती भरली असं धरू नका. भोक फक्त उद्यावर सरकलं. उद्याचीही भरली तरच मोजा.

पाळणाघर_आठवा: शुल्कच नको. इस्रायलच्या हायफा शहरातल्या पाळणाघरांमध्ये मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला. दंड काढल्यावरही कमी झाला नाही. २००० साली ग्नीझी आणि रुस्तिचिनी यांनी हे प्रसिद्ध केलंय. पैसे भरले की लाज संपते.

हिशेबी: प्रयोग खरा आहे, पण तो दंड तसा लहान होता आणि उशिराने होणाऱ्या खर्चाशी जोडून ठरवलेला नव्हता. इथेही १० लावलेत तर तेच होईल: दहा टाकून वेळ अडवून ठेवायची सोय. नाममात्र शुल्क हे शुल्क नसण्यापेक्षा वाईट, एवढं मात्र त्यातून घेण्यासारखं आहे.

नवीन_सदस्य: मला दंतवैद्याकडे वेळ देऊन चाळीस मिनिटं बसवून ठेवलं. त्याचं शुल्क कोण देणार?

धागाकर्ती: तुमचा राग समजतो, पण तो वेगळा विषय आहे. @हिशेबी, दुपारचं काय? तिथे तशाही वेळा रिकाम्याच असतात.

हिशेबी: तिथे नियम वेगळा ठेवा. दुपारचा पेशंट आठवड्याभरात दुसऱ्या दुपारी आला, तर तुमचं जवळजवळ काहीच गेलं नाही, कारण ती वेळ नाहीतरी रिकामीच राहणार होती. शुल्क त्या भेटीत वळतं करा. संध्याकाळी तसं करू नका. तिथे नवी वेळ दिली की दुसऱ्या कुणाला तरी नकार द्यावा लागतो.

अजून एक. ऐनवेळी कळवणारा आणि न कळवता गायब होणारा, दोघांना ७० लावलेत तर कुणी फोनच करणार नाही. कळवणाऱ्याला ५५ ठेवा. तेवढ्या फरकासाठी लोक निरोप देतात आणि थेरपिस्ट नुसता वाट बघत बसत नाही.

कात्री_कंगवा: हिशेब पटला, मी पूर्ण पैसे मागे घेतो. पण वसूल कसे करणार? जो आलाच नाही तो नंतर देत नाही, उलट येणंच बंद करतो. आधी ठेव घेतल्याशिवाय हे सगळं कागदावरच.

हिशेबी: बरोबर. पण ठेव सरसकट नको, पहिल्यांदा येणारा तिथेच गळतो. फक्त संध्याकाळच्या वेळांना आणि एकदा न आलेल्यांना ३५ ची ठेव घ्या, ती बिलातून वजा होते. ७० पैकी उरलेले बहुतेक बुडतील असं धरूनच चाला.

आठवणीचा मेसेज मुदतीच्या आधी, तीसएक तास आधी पाठवा. मुदत चोवीस तासांची आणि मेसेजही चोवीस तास आधी, तर पेशंटला वाटतं की मुद्दाम अडकवलं. रद्द करायची सोय त्या मेसेजमध्येच हवी. फोन फक्त कामाच्या वेळेत उचलला जात असेल, तर रात्री मेसेज वाचणाऱ्याची मुदत सकाळपर्यंत निघून जाते.

पाळणाघर_आठवा: आणि ताप असलेला पेशंट ५५ वाचवायला तसाच येऊन टेबलावर झोपला तर?

हिशेबी: वर्षातून एकदा माफी, कारण न विचारता.

पाळणाघर_आठवा: ज्याला वर्षात तीनदा ताप येतो त्याचं काय? हातानं उपचार होतात तिथे आजारपणाला शुल्क नकोच, असं माझं अजूनही मत आहे.

कात्री_कंगवा: मग दर शुक्रवारी संध्याकाळी ताप येईल.