मदत हवी आहे: चराची भिंत ढासळली, कोणी आत नव्हते, चौकशी अहवालात कारण काय लिहावे?

पाईपलाईन_सेफ्टी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांडपाण्याच्या पाईपलाईनसाठी चर खोदण्याचे काम चालू आहे. खोली २.४ मीटर, रुंदी १.२ मीटर. परवा दुपारी डाव्या भिंतीचा साधारण ४ मीटर लांबीचा भाग आत कोसळला. पाईप जोडणारे दोघे जेवायला वर आले होते, त्यानंतर पंधरा मिनिटांत हे घडले. कोणालाही इजा नाही, पाईपचेही नुकसान नाही.

चौकशी अहवाल मला लिहायचा आहे. साइटवरून आलेल्या कच्च्या मसुद्यात असे आहे: "मातीचा ढीग काठापासून फक्त ०.३ मीटरवर होता. कामगारांनी निष्काळजीपणे ट्रेंच बॉक्सच्या बाहेर काम केले. सुदैवाने जीवितहानी टळली. सर्व कामगारांना सक्त सूचना देण्यात आल्या." वरिष्ठ म्हणतात की एवढे पुरे. मला पटत नाही, पण नेमके काय चुकले आहे ते मांडता येत नाहीये.

माझ्याकडे आहे ते असे: सकाळी ८ वाजताचा तपासणी फॉर्म, त्यात मातीच्या रकान्यात "घट्ट चिकणमाती". घटनेनंतरचे फोटो. चार जणांचे जबाब. ट्रेंच बॉक्स साइटवर होता आणि आदल्या दिवसापर्यंत वापरात होता. पुढे चरात एक जुनी वीजकेबल आडवी आली, तिच्यामुळे बॉक्स पुढे सरकेना. केबलच्या दोन्ही बाजूंचा मिळून ५-६ मीटरचा भाग आधाराशिवाय राहिला आणि भिंत तिथेच पडली.

---

रविकिरण_७

आधी कामगारांची नोंदणी आणि विमा आहे का बघा. नुकसानभरपाईच्या अर्जाला डॉक्टरांचा दाखला लागतो आणि तो वेळेत घेतला नाही तर पुढे त्रास होतो.

---

पाईपलाईन_सेफ्टी

रविकिरण, कोणाला काही लागलेले नाही हो. हा निअर मिसचा अहवाल आहे, भरपाईचा विषय नाही.

---

साइट_इंजिनिअर_दादा

यात एवढे शोधण्यासारखे काय आहे? २.४ मीटर खोल चर, शोअरिंग नाही, भिंत पडली. कारण मिळाले. ढीग ०.३ मीटरवर म्हणजे त्याचा भारही आलाच. अमेरिकेच्या ओशाच्या नियमात ढीग काठापासून निदान २ फूट लांब लागतो, म्हणजे ०.६ मीटर. तुमच्या मसुद्यात दोन्ही गोष्टी आल्या आहेत. भाषा थोडी सुधारा आणि पाठवून द्या. कामगार बॉक्सबाहेर गेले हे खरे असेल तर तेही लिहायलाच हवे, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

---

माती_आणि_पाया

दादांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. आधार नव्हता म्हणून भिंत कोसळून चरात आली, हे खरे. पण तोच चर, तीच खोली, उजव्या बाजूलाही आधार नाही, तरी उजवी भिंत उभी राहिली. डावीच का पडली, याचे उत्तर मसुद्यात नाही.

धागाकर्ते, तीन गोष्टी सांगा.

एक, ०.३ मीटर हे अंतर कधी आणि कुठून मोजले? भिंत पडल्यावर काठ मागे सरकतो. नव्या काठापासून टेप लावला असेल तर तो आकडा घटनेच्या आधीचा नव्हे. समोरची उजवी भिंत शाबूत आहे ना? तिच्यापासून ढिगाच्या पायथ्यापर्यंत मोजा आणि त्यातून चराची रुंदी वजा करा.

दोन, पडलेल्या मातीचा आणि उघड्या झालेल्या भिंतीचा रंग कसा आहे? एकसारखी माती दिसते की मिसळलेली? विटांचे तुकडे, वाळू, कचरा, काही?

तीन, भिंतीच्या तळाशी ओल आहे का, आणि अलीकडे पाऊस झाला का?

आणि ढासळलेली माती अजून तशीच असेल तर फोटो काढून होईपर्यंत उचलू देऊ नका. मोजमापे वरूनच घ्या. त्या भागात आधार बसेपर्यंत चौकशीसाठीसुद्धा कोणी खाली उतरायचे नाही.

---

जुना_मुकादम

माझ्या एका कामावर चर जेमतेम १.३ मीटर खोल होता. दीड मीटरच्या आत आहे, आधार लागत नाही, असे सगळे म्हणाले. शेजारी जुनी लाईन होती. बाजू अख्खी सुटली आणि वाकून बसलेला एक जण छातीपर्यंत गाडला गेला. वाचला, पण बरगड्या मोडल्या. तेव्हापासून शेजारून जुनी लाईन जात असेल तर मी खोली विचारत नाही, आधी आधार मागतो.

---

पाईपलाईन_सेफ्टी

आज परत गेलो. माती तशीच ठेवली आहे, मोजमापे वरूनच घेतली.

उजव्या भिंतीपासून ढिगाचा पायथा २.४ मीटर. रुंदी १.२ वजा केली की मूळ काठापासून ढीग १.२ मीटर लांब होता. म्हणजे ०.३ हा आकडा पडझडीनंतरच्या काठापासूनचा. वरून ०.९ मीटर जाडीची माती निघाली आहे, हिशेब नीट जुळतो.

माती दोन प्रकारची आहे. चराकडचा पातळ थर चिकणमातीचा, त्यामागे काळपट सैल माती, विटांचे तुकडे आणि खालच्या बाजूला वाळू. उजवी भिंत मात्र वरपासून खालपर्यंत एकसारखी चिकणमाती. पाऊस बऱ्याच दिवसांत नाही, तरी डावीकडे तळाजवळची वाळू ओली आहे.

नकाशा काढून पाहिला. डावीकडून जुनी पाण्याची लाईन आपल्या चराला समांतर जाते. खोदकामाच्या परमिटवर फक्त आडव्या जाणाऱ्या लाईनी नोंदल्या आहेत, त्यामुळे केबल आहे आणि ही नाही.

---

माती_आणि_पाया

आता चित्र स्पष्ट झाले. वाळू हे जुन्या पाईपचे बेडिंग आणि काळपट माती हा त्या चराचा भराव. तुमच्या चराची डावी भिंत म्हणजे भरावापुढे उभा राहिलेला चिकणमातीचा पातळ पडदा होता. तळाशी ओल आली, पडदा सुटला आणि मागचा भराव घेऊन खाली आला. सकाळी तपासणाऱ्याला समोर चिकणमातीच दिसली, म्हणून फॉर्मवर "घट्ट चिकणमाती" आली. त्याने खोटे लिहिले नाही, पण मागे काय आहे हे कळायला नकाशा हातात हवा होता. एकदा उकरून भरलेल्या मातीला ओशाच्या वर्गवारीत सर्वांत चांगला दर्जा मिळतच नाही, तो याच कारणाने.

ढीग आता कारणांतून काढा. पण अंतर तथ्यांत ठेवा आणि ते कसे मोजले तेही लिहा, नाहीतर उद्या कोणीतरी पुन्हा ०.३ घेऊन येईल.

"सुदैवाने" हा शब्द काढून त्या जागी काय होऊ शकले असते ते लिहा. निघालेला तुकडा पाचरीसारखा असणार. उंची किती भरते?

---

पाईपलाईन_सेफ्टी

तळापासून ०.३ मीटर वर सुटला आहे, म्हणजे २.१ मीटर.

---

माती_आणि_पाया

मग २.१ गुणिले ०.९, त्याचे निम्मे, गुणिले ४ मीटर. सुमारे ३.८ घनमीटर. घनमीटरला १.८ टन धरले तर पावणेसात टनांच्या आसपास. चराच्या तळावर हे पसरले की पाऊण ते एक मीटर थर होतो. उभा माणूस कमरेपर्यंत अडकेल, पण पाईप जोडणारा गुडघ्यांवर वाकलेला असतो, तो पूर्ण झाकला जाईल. अहवालात एवढीच दोन वाक्ये द्या, अंदाज कसा काढला त्यासकट. मग "कोणाला काही झाले नाही ना" म्हणून फाईल बंद करणे कठीण जाते.

आता बॉक्सचा मुद्दा. "कामगार बॉक्सबाहेर गेले" हे तथ्य आहे, "निष्काळजीपणे" हे मत आहे. केबल आल्यावर बॉक्स पुढे जाणार नाही, हे कोणाला कळले, कधी कळले, आणि पुढे काम चालू ठेवायचे कोणी ठरवले? जबाबांत काय आहे?

---

पाईपलाईन_सेफ्टी

एक कामगार म्हणतो, साडेदहाला डाव्या काठामागे लांबट भेग दिसली आणि त्याने मुकादमांना सांगितले. मुकादम म्हणतात, असे कोणी सांगितले नाही. काम चालू ठेवण्याबद्दल दोघेही म्हणतात, "कोणी थांबवले नाही." परमिटवर केबलची जागा आहे, पण तिथे आधार कसा द्यायचा याचा रकानाच नाही. भेगेचे काय लिहू? कोणाचे खरे मानू?

---

अश्विनी_ऑडिट

कोणाचेच मानू नका. "कामगाराच्या जबाबानुसार साडेदहाला भेग दिसली व मुकादमांना कळवले, मुकादमांच्या जबाबानुसार त्यांना कळवण्यात आले नाही, दुसरा पुरावा उपलब्ध नाही." एवढेच, आणि नावांऐवजी हुद्दे. माझ्यापुढे येणाऱ्या बहुतेक अहवालांत लिहिणारा इथे एक बाजू घेतो. मग पुढच्या वेळी भेग दिसली तरी कामगार गप्प बसतो.

कोणाचेही खरे असले तरी एक गोष्ट तुमच्या हातात आहे. ८ वाजल्यानंतर चराची दुसरी तपासणी झालीच नाही. केबलमुळे आधार थांबला तेव्हा परिस्थिती बदलली होती, तिथे तपासणी व्हायला हवी होती. हे कारणांत येते आणि त्यासाठी जबाब लागत नाही, फॉर्म पुरतो.

सुधारणांबद्दल: "सक्त सूचना दिल्या" ही सुधारणा नव्हे, ती तपासताच येत नाही. परमिटमध्ये रकाना वाढवा: प्रत्येक आडव्या लाईनीजवळ आधाराची पद्धत खोदण्यापूर्वी ठरलेली हवी, आणि समांतर जुनी लाईन असेल तर ती बाजू भराव समजायची. पद्धत ठरलेली नसेल तर त्या टप्प्यात उतरायचे नाही, आणि थांबवण्याचा अधिकार कोणत्या हुद्द्याला आहे ते तिथेच लिहा. प्रत्येकापुढे जबाबदार हुद्दा आणि तारीख. नंतर पुढच्या दोन-तीन आडव्या लाईनींचे परमिट आणि तिथले फोटो शेजारी ठेवून बघा. जुळले तरच सुधारणा पूर्ण.

---

साइट_इंजिनिअर_दादा

ढिगाबद्दल माझे म्हणणे मागे घेतो. पण रकाना वाढवून काम होते यावर माझा विश्वास नाही. केबलखाली बॉक्स जात नसेल तर तिथे काय वापरणार, ते ठोस सांगा. नाहीतर रकान्यात "योग्य आधार" असे लिहून लोक मोकळे होतील.

---

जुना_मुकादम

आम्ही अशा जागी केबलच्या दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या लावायचो, त्यांना आडव्या वेलिंग आणि मध्ये जॅक. केबल आधी वरून टांगून घ्यायची. पहिले जॅक वरूनच लावायचे, आधाराच्या आत उभे राहूनच खालचे. जागा असेल तर भिंतीला उतार देणे सोपे, पण इथे डावीकडे जुनी लाईन आहे, ती उघडी पडेल.

---

माती_आणि_पाया

फळ्या चालतील, पण मागे भराव आणि ओल आहे, तेव्हा फळ्यांमध्ये फट नको आणि जॅकचे अंतर डिझाइन करणाऱ्याकडून ठरवून घ्या. ओल कुठून येते ते कळल्याशिवाय अंतिम आकडा कोणी देऊ नये. धागाकर्ते, जुनी लाईन गळते आहे का?

---

पाईपलाईन_सेफ्टी

दाब-चाचणी मागितली आहे, अजून झालेली नाही. अहवालात "ओलीचा स्रोत अनिश्चित, चाचणी प्रलंबित" असे ठेवतो आणि तोवर त्या बाजूचे काम बंद राहील अशी तात्पुरती उपाययोजना लिहितो. वरिष्ठ आज संध्याकाळपर्यंत अंतिम अहवाल मागत आहेत. अंतरिम म्हणून देता येतो का? तुमच्याकडे कोणी असा दिला आहे?

---

अश्विनी_ऑडिट

देता येतो. वर ठळक "अंतरिम" लिहा, कोणता मुद्दा उघडा आहे आणि तो कोणत्या हुद्द्याकडे आहे ते पहिल्या पानावर द्या. चाचणीची तारीख मिळेपर्यंत मात्र सही करू नका.