मदत हवी आहे: सातवीची पचनसंस्था, यकृत नेमकं कुठे लिहायचं?

अनघा_७४: लेकीचा चाचणीचा पेपर आलाय, तीन उत्तरं चूक. अवयवांचा क्रम तिने तोंड, ग्रासनलिका, जठर, यकृत, लहान आतडं, मोठं आतडं असा लिहिला. 'मेद पचवणारा विकर' विचारलं तिथे पित्तरस. आणि पाणी शोषलं जातं ते लहान आतड्यात. पहिल्या दोन्हींत चूक काय ते मलाच सांगता येईना. उद्या सकाळी बाईंना भेटायचंय.

खवय्या_नाशिक: माझं पित्ताशय काढून तीन वर्षं झाली. तूप खाल्लं तरी पचतं. म्हणजे पित्त लागतच नाही की काय?

जुना_मास्तर: खवय्या, पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी. पिशवी गेली तरी पित्त थेट आतड्यात झिरपत राहतं.

अनघाताई, तिला वरण-भात-तुपाचा एक घास डोळ्यांसमोर धरायला सांगा. भात तोंडातच लाळेने फुटायला लागतो. वरणातली प्रथिनं जठरात, पेप्सिनने. तूप मात्र तिथवर जवळपास तसंच असतं. लहान आतड्याच्या सुरुवातीला यकृताकडून पित्त आणि स्वादुपिंडाकडून पाचकरस नळीने येऊन मिळतात. घास काही त्यांच्यात शिरत नाही, म्हणून क्रमात यकृत नको.

पित्तात विकर नसतो. पाण्यात चमचाभर तेल टाकून हलवा, दोन थर होतात. भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून पुन्हा हलवा, पाणी दुधाळ होतं. तेल तेलच राहिलं, फक्त थेंब बारीक झाले. पित्त एवढंच करतं. ते थेंब मग फोडतो तो स्वादुपिंडातला लायपेज.

अनघा_७४: आत्ताच करून बघितलं! पण ती विचारतेय, पचलेलं अन्न यकृतात जातं असं बाई म्हणाल्या होत्या, ते मग?

जुना_मास्तर: तेही खरं. भाताचं ग्लुकोज आणि वरणाची अमिनो आम्लं लहान आतड्यातून रक्तात शिरतात आणि ते रक्त आधी यकृतात जातं. म्हणजे घास नाही, घासातून निघालेला माल पोचतो. पोरं गोंधळतात ती इथेच. तूप मात्र आडवाटेने जातं: आधी लसीकावाहिन्यांत, तिथून रक्तात.

प्रथमेश_डी: पाण्याचं उत्तर बरोबरच आहे की. सगळं शोषण लहान आतड्यातच होतं, मोठ्यात काही नाही. मार्क मागून घ्या.

जुना_मास्तर: 'काही नाही' कसं? प्यायलेलं पाणी आणि पाचकरस धरून दिवसाला साधारण 9 लिटर आतड्यात उतरतं. त्यातलं बरंचसं लहान आतडं घेतं, पण उरलेलं लिटर-दीड लिटर मोठ्याने ओढलं नाही तर जुलाबच. शाळेच्या पेपरात 'मोठं आतडं' अपेक्षित असतं.

प्रथमेश_डी: मग जास्त पाणी लहान आतडंच घेतं ना! पोरीचा मार्क का कापायचा?

अनघा_७४: तेच विचारणार आहे उद्या. यकृताचा मार्क सोडते, पाण्याचा नाही.