अनुभव सांगा: जन्मतिथी, शुद्ध की वद्य, आणि तुम्हाला लागलेली बोलणी

माझ्या लेकीचा जन्म 24 ऑक्टोबर 1995, दुपारी दोनचा. त्या सकाळी सूर्यग्रहण होतं, राजस्थानात खग्रास आणि आमच्याकडे खंडग्रास. मला खिडकीपाशीही फिरकू दिलं नव्हतं. दिनदर्शिकेच्या चौकोनात ‘अमावास्या’ छापलेलं होतं, म्हणून सासूबाईंनी तिला ‘अवसेची पोर’ ठरवलं. बाराव्या दिवशी जननशांत झाली. पुढे ती जरा गप्प बसली, रडली, की चंद्र क्षीण आहे ना तिचा, हेच ऐकायला मिळायचं. हे वाक्य ऐकत ती मोठी झाली, याचं मला अजून वाईट वाटतं. तुमच्याकडे काय काय झालं, ते लिहा.

सांजवात: ताई, त्या दिवसाचं पंचांग नीट उघडून पाहा. चौकोनात असते ती सूर्योदयाची तिथी. त्या दिवशी अमावास्या सकाळी दहाच्या सुमाराला संपली. ग्रहण होतं तेच मुळी अमावास्या संपते त्या वेळेच्या आसपास. दुपारी दोनला कार्तिक शुद्ध प्रतिपदा लागून चार तास झाले होते. माझे वडील पत्रिका करायचे. जन्मवेळ हातात आल्याशिवाय ते तिथीचं नावही घ्यायचे नाहीत.

धागाकर्ती: तीस वर्षांत हे कुणीच सांगितलं नाही. म्हणजे ती शुक्लपक्षातली! वाढत्या चंद्राची!

रानजाई: मग छानच की. शुक्लपक्षातली माणसं मोकळी, पुढाकार घेणारी. वद्यातली आतल्या गाठीची. मी वद्य द्वितीयेची आहे, सगळं मनात ठेवते, म्हणजे पटतंच ना.

सांजवात: अर्धंच बरोबर आहे. चंद्र वाढता आहे की घटता, हे एक. त्याच्यावर उजेड किती, हे दुसरं. पक्षबळ मोजतात ते उजेडावर. चंद्र सूर्यापासून जितका लांब तितकं बळ, पौर्णिमेला 180 अंशांवर पूर्ण. चंद्र सूर्याच्या पुढे तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. या लेकीच्या वेळी चार तासांत दोन अंश झाले, म्हणजे तिथी शुद्ध पण चंद्र अगदी क्षीण. रानजाई, तुमचा चंद्र घटता खरा, पण पौर्णिमेपासून जेमतेम 12 ते 24 अंश ढळलेला. तुमचा चंद्र बलवान. नुसतं ‘वद्य’ ऐकून त्याला पापग्रहात टाकणारा घाई करतो.

धागाकर्ती: म्हणजे सासूबाई तिथीत चुकल्या, पण चंद्र क्षीण म्हणाल्या ते शास्त्राला धरूनच होतं. कळलं. तरी मुलीच्या प्रत्येक रडण्याला ते चिकटवायला नको होतं.

माळवा: इंदूरला आजोळ आहे. मी आश्विन वद्य दशमीचा, पण तिथले गुरुजी ‘कार्तिक कृष्ण दशमी’ लिहितात. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना वाटलं, आम्ही पत्रिका बदलली! तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. तिथी तीच.

मोगरा: माझं मूळ नक्षत्र आहे. त्याचीही शांत अशीच करतात का?

सांजवात: ते नक्षत्राचं, इथे तिथीचं चाललंय. शांत दोन्हीची करतात, विधी वेगळे.

परिचारिका: मी प्रसूतिकक्षात 26 वर्षं काढली. अवसेची बाळं आणि पुनवेची बाळं मला तरी सारखीच रडताना दिसली. एक मात्र सांगते, वेळ लिहिताना आमची घाई असते. नाळ कापली, बाळ पुसलं, मग घड्याळ बघितलं. एरवी पाच-दहा मिनिटांनी तिथी बदलत नाही, पण ती संपायच्या बेताला जन्म असेल, तर केसपेपरवरच्या वेळेवर डोळे मिटून विसंबू नका.

शुद्ध_नवमी: चंद्र बलवान कधीपासून धरायचा? आमच्याकडे शुद्ध अष्टमी ते वद्य अष्टमी सांगतात. मामांचे गुरुजी म्हणाले, शुद्ध एकादशी ते वद्य पंचमी. एकाच्या हिशोबाने मी बलवान, दुसऱ्याच्या हिशोबाने नाही.

सांजवात: दोन्ही मतं चालतात. वडील पहिलं धरायचे, त्यांचे मित्र दुसरं. दोघांचं कधी जुळलं नाही.

समुद्रापार: मुलगा न्यू जर्सीत झाला, रात्री नऊला. आईने पुण्यात भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तीच तारीख पाहून चतुर्थी सांगितली. पण तेव्हा भारतात दुसऱ्या दिवसाची सकाळ होती आणि पंचमी लागून गेली होती. पाच वर्षं आम्ही त्याला चुकीच्या तिथीला ओवाळलं.

धागाकर्ती: जुन्या दिनदर्शिका काढून बसले आहे. 24 ऑक्टोबर 2014, तिचा एकोणिसावा वाढदिवस, चौकोनात बलिप्रतिपदा. तारीख आणि तिथी त्या दिवशी एकत्र आली होती आणि आम्ही पाडव्याच्या ओवाळणीतच तिला ओवाळून मोकळे झालो. तिला आत्ता फोन लावते.