ऊन आहे, पॅनल आहेत, मग लाईट का गेली? (सोसायटी ग्रुप, पर्वरी)

विनया, बंगला ४: काल दुपारी मागच्या माडाचं चुडत तारेवर पडलं आणि दोन तास लाईट नव्हती. बाहेर रणरणतं ऊन, छपरावर सहा पॅनल, आणि मी घरात वर्तमानपत्राने वारा घेत बसले! बसवणारा फोनवर म्हणतो, "मॅडम, असंच असतं." विकताना का नाही सांगितलं मग?

रोहन, बंगला ९: काकी, आमच्याकडेही तेच. इन्व्हर्टरवर लाल दिवा आणि स्क्रीनवर `Grid Lost`.

गावकर सर, बंगला २: म्हणजे एवढा खर्च करून लोडशेडिंगला उपयोग शून्य. म्हणूनच मी घेतला नाही.

सुरेश, बंगला ११: सर, थांबा जरा. तो माणूस खोटं बोलला नाही, अर्धंच बोलला. विनयाताई, तुमच्याकडे ऑन-ग्रिड इन्व्हर्टर आहे. पॅनलमधून डीसी वीज येते, ती एसी करून तो वीज खात्याच्या लाईनमध्ये मिसळतो. मिसळण्यासाठी त्याला लाईनचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी समोर दिसावी लागते, तिच्याच तालावर तो चालतो. लाईन गेली की त्याने दोन सेकंदांच्या आत बंद व्हायचं, असा नियमच आहे. नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला तारा मेल्यात असं वाटेल आणि तुमच्या छपरावरून त्यांत वीज येत असेल.

सुरेश, बंगला ११: हा नियम नसता तरी तुमचा पंखा नीट चालला नसता. ढग आला की पॅनलची वीज क्षणात निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला तर त्याला लागणारी जास्तीची वीज आणायची कुठून? एरवी ती लाईनमधून येते. लाईन नसताना ते काम बॅटरीच करू शकते.

रोहन, बंगला ९: घरात जुना इन्व्हर्टर आहेच, १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीचा. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, सोलारची वायर त्याच्या आउटपुटला जोडतो. सोलारला वाटेल लाईन आली, आणि तो चालू होईल.

सुरेश, बंगला ११: अजिबात करू देऊ नकोस. सोलार कदाचित चालू होईलही, पण दुपारी पॅनल दोन किलोवॅट देतात आणि घरात लागतं अर्धं. उरलेली वीज उलटी त्या इन्व्हर्टरमध्ये घुसते. तिला आवरायची सोयच त्याच्यात नाही, तो तरी जळेल नाहीतर बॅटरी उकळेल. जुना इन्व्हर्टर आहे तसा वेगळाच राहू दे. तीन पंखे, थोडे दिवे तो तीन-चार तास ओढतो, तेही काही कमी नाही.

मेघना, बंगला ६ (अ‍ॅडमिन): मध्येच सांगते, पाण्याचा टँकर चारला येतोय. गेटसमोरच्या गाड्या काढा.

विनया, बंगला ४: मग मी काय करू? आणि आणखी एक शंका. अ‍ॅपवर काल १३ युनिट दिसले, मीटरवर एक्सपोर्ट फक्त ८. पाच कोणी खाल्ले?

सुरेश, बंगला ११: तुम्हीच. 😀 मशीन, फ्रिज, दुपारचा पंखा. पॅनलची वीज आधी घरात वापरली जाते, उरलेली मीटरमधून बाहेर पडते. एक्सपोर्ट म्हणजे उरलेलं, एकूण उत्पादन अ‍ॅपवरच बघायचं. तुमचे ५४० वॅटचे सहा, म्हणजे सव्वातीन किलोवॅट. स्वच्छ उन्हात दिवसाला १३ युनिट ठीकच आहेत. जुलैत काळे ढग असले की चार-पाचही मिळतील, तेव्हा घाबरू नका. भर दुपारीही आकडा अडीच किलोवॅटच्या आसपासच दिसेल, कारण पॅनल तापले की वीज कमी देतात.

सुरेश, बंगला ११: आता उपाय. पॅनल आणि सांगाडा तसाच ठेवून इन्व्हर्टर हायब्रिड घ्यायचा आणि सोबत पाच युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. लाईन गेली की हायब्रिड आधी घर खात्याच्या लाईनपासून तोडतो आणि मग स्वतःच व्होल्टेज धरतो. त्यामुळे लाईनमनला धोका नाही. दुपारी लाईन गेली तर पॅनल घर चालवतात, उरलेल्यात बॅटरी भरते. ती भरली की तो पॅनलच आवरतो आणि अ‍ॅपवर उत्पादन एकदम खाली येतं. ते बिघाड समजू नका.

गावकर सर, बंगला २: पाच युनिट म्हणजे एसी चालेल ना रात्रभर?

सुरेश, बंगला ११: नाही सर, हिशेबच करू. तीन पंखे २१० वॅट, फ्रिजची सरासरी ६०, राउटर आणि दिवे ४०. झाले ३१० वॅट. रात्रीच्या दहा तासांचे तीन युनिट आणि वर थोडं. पाचच्या बॅटरीतून हातात सव्वाचार पडतात, म्हणजे सकाळपर्यंत निघतं. त्यात दीड टनाचा एसी लावला तर तीन-चार तासांत खेळ खलास. विहिरीचा पंपही बॅकअपवर घेऊ नका, सुरू होताना तो चार-पाचपट करंट ओढतो आणि तीन किलोवॅटचा हायब्रिड ट्रिप होतो. म्हणून पंखे, दिवे, फ्रिज यांचं वेगळं डीबी, म्हणजे एमसीबींचा वेगळा बोर्ड, काढायचं आणि तेवढंच बॅकअपला जोडायचं. खरं काम ह्या वायरिंगचं आहे, आणि कोटेशनमध्ये नेमकं तेच नसतं.

मेघना, बंगला ६ (अ‍ॅडमिन): पण बॅटरीने बिल कमी होतं का? सबसिडी वाढते का?

सुरेश, बंगला ११: दोन्ही नाही. पीएम सूर्य घरची सबसिडी ३ किलोवॅटला ७८,००० रुपये, बॅटरी घेतली तरी तेवढीच. आणि नेट मीटरिंगमध्ये दिवसा दिलेलं युनिट रात्रीच्या युनिटातून वजा होतंच. तेच बॅटरीत भरून काढलं तर वाटेत दहाएक टक्के उडतात. बॅटरी म्हणजे फक्त लाईट जाण्याचा विमा. ज्यांच्याकडे आजारी माणूस आहे किंवा घरून काम आहे त्यांनी जरूर घ्यावी. बाकीच्यांना जुना इन्व्हर्टर पुरतो, हे माझं मत.

रोहन, बंगला ९: मावशीकडे डिचोलीला हायब्रिड आहे, तरी चतुर्थीच्या रात्री माटोळीखाली मेणबत्त्या लावल्या होत्या! बॅटरी रिकामी.

सुरेश, बंगला ११: सेटिंग `Self Use` वर असणार. त्यात संध्याकाळ झाली की घर बॅटरीवर चालतं, रात्री दहापर्यंत ती संपते, आणि मग लाईन गेली की अंधार. `Backup` मोड लावायचा, किंवा निदान पावसाळ्यात अर्धी बॅटरी राखीव ठेवायची. अ‍ॅपमध्ये टक्का टाकता येतो. मावशींना आजच सांग.

विनया, बंगला ४: आई आमच्याकडेच असतात, रात्री त्यांना पंखा हवाच. हायब्रिडचं कोटेशन मागवते.

सुरेश, बंगला ११: मागवताना तीन गोष्टी लिहून घ्या: बॅकअपचं वेगळं डीबी, वापरता येणारे युनिट किती (बॅटरीवर छापलेले नव्हेत), आणि इन्व्हर्टर बदलल्याचं वीज खात्याला कोण कळवणार. काम झालं की पैसे देण्याआधी त्याच्यासमोर मेन एमसीबी पाडा. फ्रिज आणि पंखे चालूच राहिले पाहिजेत. मी येतो बघायला.

गावकर सर, बंगला २: मीही येतो. पण ते माडाचं चुडत आधी कोणीतरी काढा.